चुलतभावाला प्लॉटची पावर देताना: काय लिहायचं, काय खोडायचं

प्रश्न: मी मस्कतला नोकरीला आहे. नागपुरात बेलतरोडीला १५०० चौरस फुटांचा प्लॉट आहे, गिऱ्हाईक ठरलंय, ४५ लाखांत. सुट्टी नाही म्हणून चुलतभावाला पावर देऊन राहिलो. अर्जनवीसाच्या ड्राफ्टमध्ये असं आहे: 'देखभाल, विल्हेवाट, विक्री, गहाण, दान, भाडेपट्टा करणे, इसार व मोबदला स्वीकारून पावती देणे, दुय्यम मुखत्यार नेमणे व इतर सर्व कृत्ये करणे, जी मला मान्य राहतील.' यावर सही केली तर भाऊ काय काय करू शकतो? फक्त एवढ्या विक्रीपुरतीच पावर देता येते का?

उत्तर:

हो, देता येते. पण आधी या ड्राफ्टचं बोलू, कारण नागपुरात अर्ध्या पावरी याच साच्यातून निघतात. टायपिंगवाल्याकडे एक फाईल असते, नाव-पत्ता बदलला की झालं काम. त्याला ना तुमचा प्लॉट माहीत ना तुमचा भाऊ, त्यामुळे तो आपला सगळंच टाकून देतो, म्हणजे पुन्हा कोणी बदल करायला येऊ नये.

मुखत्यारपत्र कोर्ट कसं वाचतं ते सांगतो. घट्ट वाचतं. जे स्पष्ट लिहिलं तेवढंच दिलं असं धरतात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने उमादेवी नांबियारच्या केसमध्ये हेच सांगितलं, तिथे बहिणीने बहिणीला दिलेल्या पावरमध्ये भाड्याने देणं, तारण ठेवणं असं होतं पण विकायचा अधिकार स्पष्ट शब्दांत नव्हता, तर कोर्ट म्हणालं की तो ओढूनताणून काढता येणार नाही. शेवटी जे 'इतर सर्व कृत्ये' असतं ना, त्यालाही कोर्ट वर दिलेल्या कामांच्या अनुषंगानेच वाचतं, त्यातून नवा अधिकार जन्माला येत नाही. पण तुमच्या ड्राफ्टमध्ये ओढाताण करायची गरजच नाही. विक्री आहे, गहाण आहे, दानसुद्धा आहे! प्लॉट विकायला निघालेल्या माणसाला दानाचा अधिकार कशाला लागतो हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. या कागदावर तुमचा भाऊ उद्या तो प्लॉट स्वतःच्या ओळखीतल्या कोणाच्या नावाने दान करून टाकू शकतो आणि कागदावर ते बरोबर दिसेल. तुम्ही भांडाल, जिंकालही, पण मस्कतमधून नागपूरच्या दिवाणी कोर्टात किती वर्षं भांडाल.

त्यातले तीन शब्द सगळ्यात जास्त घात करतात. पहिला 'विल्हेवाट', कारण त्यात काय येतं आणि काय नाही यावरच वकिलांची घरं चालतात. दुसरा 'इसार व मोबदला स्वीकारून', त्याने पैसे भावाच्या हातात किंवा भावाच्या खात्यात देणं हे गिऱ्हाईकासाठी कायदेशीर पेमेंट होतं, पुढे ते तुमच्यापर्यंत पोचले की नाही हे तुमचं आणि भावाचं बघून घ्या. तिसरा 'दुय्यम मुखत्यार'. मुखत्याराला स्वतःचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही असाच कराराच्या कायद्याचा साधा नियम आहे, आपणच लिहून देतो तेव्हा तो अडसर निघतो. मग तुम्ही विश्वास ठेवला भावावर आणि सही करून राहिला त्याचा पार्टनर.

माझ्याकडे हुडकेश्वरकडच्या एका काकूंचं प्रकरण आलं होतं. त्यांनी पुतण्याला प्लॉट सांभाळायला, टॅक्स भरायला पावर दिली असं त्यांचं म्हणणं, पण कागदात 'देखभाल व विल्हेवाट' आणि 'रक्कम स्वीकारणे' दोन्ही होतं. पुतण्याने इसारचिठ्ठी करून तीन लाख स्वतःच्या खात्यात घेतले आणि गायब. गिऱ्हाईक काकूंच्या दारात. काकू म्हणत होत्या मी त्याला फोनवर सांगितलं होतं की विकायचं नाही, साक्षीदार पण आहेत. पण गिऱ्हाईकाला त्या फोनचं काय माहीत, त्याने कागद वाचला आणि पैसे दिले. शेवटी अर्धे पैसे काकूंनी भरून मिटवलं.

पावर लिमिट करायची म्हणजे नेमकं काय करायचं ते इथेच कळतं. तुम्ही भावाला व्हॉट्सअॅपवर काहीही सांगा, त्याने फार तर तुमचं-भावाचं भांडण ठरतं. समोरच्या तिसऱ्या माणसाला ती मर्यादा माहीत नसेल आणि तुमच्या कागदामुळेच त्याला वाटलं की याला अधिकार आहे, तर ते तुमच्यावर येतं. म्हणून मर्यादा कागदाच्या पोटात पाहिजे, आणि अशा शब्दांत पाहिजे की समोरच्याला नुसतं वाचून ताडता येईल. नाव, प्लॉट नंबर, रक्कम, खाते नंबर, तारीख, या गोष्टी ताडता येतात. 'माझी संमती घेऊन', 'योग्य बाजारभावाने', 'पैसे मिळाल्यावरच' या ताडता येत नाहीत. लोकांना वाटतं 'माझ्या संमतीने' लिहिलं की आपण सेफ. उलट होतं, गिऱ्हाईकाचा वकील म्हणतो संमतीचा लेखी कागद आणा, म्हणजे पुन्हा दूतावासात जा, आणि गिऱ्हाईकाने कागद न मागताच व्यवहार केला तर संमती होती की नव्हती यावर नवा वाद.

आता तुमच्या केसमध्ये मुद्दा असा की गिऱ्हाईक ठरलंय, भावही ठरलाय. म्हणजे ठरवायचं असं काही उरलंच नाही, फक्त हजर राहायचंय. मग ठरवण्याचा अधिकार भावाला देताच कशाला? यासाठी वेगळा, खूप छोटा मुखत्यारनामा असतो आणि तो लोकांना माहीत नसतो. विक्रीपत्रावर सही तुम्हीच करायची, मस्कतमध्ये बसून. भावाला पावर फक्त एवढीच, की मी सही केलेलं हे विक्रीपत्र दुय्यम निबंधकाकडे दाखल करायचं आणि माझ्या वतीने कबुलीजबाब द्यायचा, म्हणजे ही सही लिहून देणाऱ्याचीच आहे असं तिथे कबूल करायचं. बस. कोणाला विकायचं, कितीत विकायचं, पैसे कुठे जायचे, सगळं तुमच्या सहीच्या कागदात आधीच बंद झालेलं असतं. भावाने ठरवलं तरी तो त्यात एक शब्द बदलू शकत नाही.

दुसरा फायदा स्टॅम्पचा. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात पावरवरची ड्युटी अधिकारानुसार बदलते. विकायचा अधिकार सख्ख्या जवळच्या नात्यात दिला, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको वगैरे, तर नाममात्र स्टॅम्प लागतो. त्या यादीबाहेरच्या माणसाला विकायचा अधिकार दिला की विक्रीपत्राएवढी ड्युटी, एक रुपयाही मोबदला घेतला नसला तरी. चुलतभाऊ त्या यादीत नाही. आपण घरात त्याला सख्ख्यासारखं मानतो ते ठीक, पण मुद्रांक ऑफिसचा बाबू मानत नाही. ४५ लाखांच्या प्लॉटवर हा आकडा लाखांत जातो, आणि तो भरूनही विक्रीपत्राची ड्युटी वेगळी आहेच. याउलट एकाच व्यवहाराच्या नोंदणीपुरती आणि कबुलीजबाबापुरती पावर नाममात्र स्टॅम्पमध्ये होते, मग मुखत्यार नात्यातला असो नसो. तुमच्या ड्राफ्टवर तसाच भावाचं नाव टाकून पुढे गेला असता तर अडकायची पहिली जागा हीच होती.

याची पद्धत अशी. विक्रीपत्र आधी नागपुरात फायनल करून घ्या, गिऱ्हाईकाच्या वकिलाकडून पण वाचून घ्या, मौजा, खसरा नंबर, प्लॉट नंबर, आराजी, चतुःसीमा सगळं तुमच्या जुन्या विक्रीपत्राशी आणि आरएल लेटरशी किंवा आखीव पत्रिकेशी, जे असेल त्याच्याशी अक्षरशः जुळवा. मग प्रिंट तुमच्याकडे, तुम्ही प्रत्येक पानावर सही, फोटो आणि अंगठा लावायचा, कारण मालकी बदलाच्या कागदावर विकणारा आणि घेणारा दोघांचे फोटो आणि बोटांचे ठसे लागतात. पावर मात्र मस्कतच्या भारतीय दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित करून घ्यायची. घरी सही करून कुरियर केली तर नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे ती इथे चालणार नाही. कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला स्टॅम्प भरून घ्यायचा, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडून. आणि बाहेरदेशी सही झालेलं विक्रीपत्र भारतात पोचल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला दाखल व्हायला पाहिजे. कुरियरचं पाकीट फेकू नका ना जी, आल्याची तारीख त्यावरूनच दाखवतात.

या रस्त्यात एक खड्डा आहे. तुम्ही सही केलेल्या विक्रीपत्रात 'संपूर्ण मोबदला मिळाला' असं लिहिलेलं असतं आणि तो कागद नागपुरात पडून असतो. पैसे यायच्या आधी भावाने नुसता जाऊन कबुलीजबाब दिला तर? यावर पावरमध्ये 'पैसे जमा झाल्यावरच' असं कलम टाकायचा मोह होतो, टाकू नका, ते निबंधकाला ताडता येत नाही आणि तिथेच कागद अडतो. त्यापेक्षा कागद दोन ठिकाणी ठेवा. पावर भावाकडे, सहीचं मूळ विक्रीपत्र तुमच्या वकिलाकडे. रजिस्ट्रीच्या दिवशी गिऱ्हाईकाने तुमच्या एनआरओ खात्यात आरटीजीएस केलं, तुम्ही मस्कतमध्ये बॅलन्स बघितला, वकिलाला फोन केला, मग वकील विक्रीपत्र घेऊन रजिस्ट्री ऑफिसला येतो. त्याशिवाय भावाकडे दाखल करायला काहीच नाही. रकमेत टीडीएसचं आधी ठरवून घ्या, एनआरआय विकणारा असला की गिऱ्हाईकाला कापायचा टीडीएस नेहमीपेक्षा वेगळा असतो, म्हणून विक्रीपत्रात कापलेला टीडीएस आणि खात्यात आलेली रक्कम दोन्ही वेगवेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर ४५ लिहिलंय आणि आले कमी असा घोळ होतो. हा आकडा सीएकडून काढून घ्या, अर्जनवीसाकडून नको.

हा रस्ता कधी चालत नाही? गिऱ्हाईक बँकेचं लोन घेऊन राहिलं असेल तर. तेव्हा डीडीचा नंबर, तारीख, बँकेच्या अटी शेवटच्या दोन दिवसांत येतात, आणि तुम्ही आधीच सही केलेल्या कागदात ते भरता येत नाही. खाडाखोड केली तर निबंधक तुमचीच सही मागतो. अशा वेळी विक्रीपत्रावर सही करायचाच अधिकार मुखत्याराला द्यावा लागतो, म्हणजे खास मुखत्यारपत्र. मग मी म्हणेन चुलतभाऊ सोडा, सख्खी बहीण किंवा भाऊ कोणी असेल तर त्यांच्या नावाने करा, स्टॅम्पमुळे. भावाला वाईट वाटत असेल तर ड्युटीचा आकडा दाखवा.

त्या पावरमध्ये मी साधारण असं लिहितो, तुमच्या कामापुरतं बदलून घ्या:

'लिहून देणार यांनी खालील परिशिष्टात वर्णन केलेला एकमेव प्लॉट श्री. (खरेदीदाराचे पूर्ण नाव, पॅन) यांनाच एकूण रुपये ४५,००,०००/- या रकमेस विक्री करण्याचे ठरविले असून, केवळ त्या व्यवहाराचे विक्रीपत्र निष्पादित करणे, ते नोंदणीस दाखल करणे व कबुलीजबाब देणे एवढ्यापुरताच अधिकार मुखत्यारास देत आहे. मोबदल्याची संपूर्ण रक्कम, कायद्याने कपात होणारा कर वगळून, लिहून देणार यांच्या (बँक, शाखा, खाते क्रमांक) या खात्यातच जमा होईल. मुखत्यारास कोणतीही रक्कम स्वीकारण्याचा अगर पावती देण्याचा अधिकार नाही. सदर प्लॉट गहाण, दान, अदलाबदल, भाडेपट्टा अगर इसार करण्याचा, तसेच विक्रीपूर्वी कोणास ताबा देण्याचा अधिकार मुखत्यारास नाही. मुखत्यारास दुय्यम मुखत्यार नेमता येणार नाही. हे मुखत्यारपत्र (तारीख) पर्यंत अगर विक्रीपत्राची नोंदणी होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच अंमलात राहील.'

यात किंमत लिहायची का, हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर 'किमान इतके' लिहिण्यात तोटा आहे, कारण पावर समोरचा वाचतोच आणि मग त्या किमान आकड्याच्या वर तो एक रुपया सरकत नाही. अशा वेळी मी म्हणतो पावरच देऊ नका, आधी गिऱ्हाईक ठरू द्या, बोलणी फोनवर होतात, त्यासाठी मुखत्यार लागत नाही. तुमचं तर ठरलंय, म्हणून नाव आणि आकडा दोन्ही टाका. सौदा फिसकटला आणि दुसरा आला तर नवी पावर, दूतावासात आणखी एक चक्कर पडेल, पडू द्या.

शेवटचं ते 'जी मला मान्य राहतील' वालं वाक्य ठेवलं तरी चालतं पण त्यात 'वरील अधिकारांच्या मर्यादेत केलेली' एवढे शब्द घाला. नाहीतर तुम्ही वर पाच ओळींत जे बांधलं ते शेवटच्या ओळीत सुटतं. आणि 'रद्द न होणारे' हा शब्द कुठे दिसला तर खोडा, तसंच 'मुखत्याराकडून रक्कम मिळाली' किंवा 'मुखत्याराचे हितसंबंध आहेत' असं काही असेल तेही. मुखत्याराचा स्वतःचा हक्क त्या मालमत्तेत गुंतलेला असेल तर तशी पावर तुम्हाला एकतर्फी रद्द करता येत नाही. गिऱ्हाईकच म्हणून राहिलं की रजिस्ट्री नंतर करू, सध्या माझ्याच नावाने पावर द्या आणि पैसे घ्या, तर साफ नाही म्हणा. बिगरमंजुरीच्या लेआउटमध्ये असे पावरवरचे प्लॉट आपल्याकडे ढीगभर फिरले, पण पावरने मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सूरज लॅम्पच्या निकालात सांगून झालंय.

आता मध्येच बिनसलं तर. रद्द करणं तुमच्या हातात आहे, पण तुम्ही मनात रद्द केलं म्हणून होत नाही. भावासाठी ती रद्द होते त्याला कळल्यावर, आणि गिऱ्हाईकासाठी गिऱ्हाईकाला कळल्यावर. मधल्या काळात अजाण माणसाने त्या पावरवर व्यवहार केला तर तो तुम्हाला भोवू शकतो. म्हणून रद्दलेख दूतावासातूनच करा, त्याची प्रत भावाला, गिऱ्हाईकाला आणि संबंधित दुय्यम निबंधकाला रजिस्टर पोस्टाने पाठवा, नागपूरच्या मराठी पेपरात जाहीर नोटीस द्या, आणि मूळ पावर परत मागा. निबंधकाला नुसतं पत्र दिलं म्हणजे तो रजिस्ट्री रोखेलच यावर विसंबू नका. रजिस्ट्रीच्या वेळी मुखत्याराकडून एक घोषणापत्र घेतात, त्यात तो लिहून देतो की पावर रद्द झालेली नाही, लिहून देणारा हयात आहे, आणि खोटं निघालं तर शिक्षेला पात्र राहीन. निबंधक त्या घोषणापत्रावर जातो, तुमच्या घरात काय झालं ते शोधत बसत नाही. म्हणूनच मी मुदतीच्या तारखेवर अडून बसतो, ती तारीख कागदावर दिसते, त्यासाठी पोस्ट लागत नाही आणि पेपर लागत नाही. मुदत दोन-तीन महिन्यांचीच ठेवा.

आणखी एक, अर्जनवीस पावरमध्ये फेरफार, टॅक्स, वीज मीटर, महापालिका किंवा नगरपंचायतीत अर्ज असं सगळं टाकतात. रजिस्ट्री झाल्यावर नावावर करून घेणं हे गिऱ्हाईकाचं काम आहे, तो इंडेक्स टू घेऊन करून घेतो. तुमच्या मुखत्याराला त्या दिवसानंतर काहीच काम उरत नाही, त्यामुळे ती कलमं काढून टाका आणि रजिस्ट्री झाली की भावाकडून मूळ पावर आणि विक्रीपत्राची प्रत स्कॅन करून मागवा, मूळ पावर वकिलाच्या फाईलला लावून ठेवा.